तिसाव्या वर्षाची दोन पत्रकं

वर्षफळ मागायला येणाऱ्या माणसाला सगळं आयुष्य नको असतं. त्याला एकच वर्ष हवं असतं. हे वर्ष नोकरी सोडायला बरं आहे का, घराचं कर्ज आत्ता घ्यावं का, लग्नाचं पुढच्या वर्षावर ढकलावं का. जन्मकुंडलीला अशा प्रश्नाचं उत्तर देणं अवघड जातं, कारण ती सत्तर-ऐंशी वर्षांसाठी एकच असते. म्हणून एका वर्षापुरती वेगळी कुंडली मांडण्याची युक्ती जुन्या लोकांनी काढली. सूर्य जन्माच्या वेळी ज्या राशी-अंश-कला-विकलेवर होता तिथेच तो दरवर्षी परत येतो. त्या क्षणाची कुंडली म्हणजे वर्षकुंडली. शनीलाही हाच न्याय लावला तर तो साधारण साडेएकोणतीस वर्षांनी जन्मस्थानी परततो आणि त्या क्षणाची कुंडली मांडता येते. पाश्चात्त्य ज्योतिषात या शनीच्या परतीला फार मोठं महत्त्व आहे. आपल्याकडे साडेसातीचा दबदबा इतका की ही परत बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

दोन्ही कुंडल्यांचं तत्त्व एकच असलं तरी गणित करायला बसलं की दोघींचा स्वभाव किती वेगळा आहे ते कळतं. मला यातलं गणित मनापासून आवडतं, आणि हे गणित केल्यावर काय बोलता येतं आणि काय बोलता येत नाही, याबद्दल माझं ठाम मत झालेलं आहे. नुसत्या सिद्धान्तावर ते सांगता येणार नाही, म्हणून एक नमुना घेते. जन्म १ जानेवारी १९९०, सोमवार, सकाळी साडेदहा, पुणे. ही कुणा ओळखीच्या माणसाची पत्रिका नाही, मुद्दाम निवडलेली वेळ आहे. लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, कुंभ; चंद्रही कुंभेत, सूर्य धनु राशीत सतराव्या अंशात आणि शनी धनु राशीतच बावीस अंशांच्या आसपास. या माणसाला एकोणतीस वर्षं पूर्ण होऊन तिसावं लागलं १ जानेवारी २०१९ रोजी. तेच वर्ष आपण बघू.

आधी वर्षकुंडली. आपल्याकडची वर्षफळाची पद्धत ताजिक नावाने ओळखली जाते. अरबी-फारसी ज्योतिषातून ती संस्कृतात आली, आणि अकबराच्या दरबारातल्या नीलकंठ दैवज्ञांनी १५८७ मध्ये लिहिलेली ताजिकनीलकंठी हा तिचा सर्वांत जास्त वापरला गेलेला ग्रंथ. जुने ज्योतिषी वर्षप्रवेशाची, म्हणजे सूर्य जन्मस्थानी परतण्याची वेळ काढायला एक ध्रुवांक, म्हणजे ठरलेला आकडा वापरत. दर वर्षाला १ वार, १५ घटी, ३१ पळे, ३० विपळे. दिवसाच्या साठ घटी, घटीची साठ पळे, पळाची साठ विपळे. जेवढी वर्षं झाली तेवढ्याने गुणायचं आणि जन्माच्या वार-घटी-पळांत मिळवायचं. किती सुटसुटीत! पंचांग उघडायचीही गरज नाही.

आपल्या नमुन्यात २९ ने गुणू. वार २९. घटी ४३५. पळे होतात नऊशे साडेतेरा, म्हणजे १५ घटी आणि साडेतेरा पळे. एकूण ४५० घटींचे साडेसात दिवस होतात. वारांची बेरीज छत्तीस, सातने भागून उरला एक. सोमवारात एक मिळवला की मंगळवार. १ जानेवारी २०१९ रोजी खरोखरच मंगळवार होता. हा वार जुळणं म्हणजे गणिताची पहिली परीक्षा, आणि हाताने करणाऱ्याने ती कधीच चुकवू नये, कारण गुणाकारात एक दिवसाची गफलत झाली तर ती इथेच उघडी पडते. उरलेल्या तीस घटी साडेतेरा पळांचे होतात बारा तास पाच मिनिटं. सकाळच्या साडेदहात ते मिळवले की रात्रीचे दहा वाजून पस्तीस मिनिटं. त्या वेळी पुण्यात सिंह लग्न उदित होतं.

आता हेच आधुनिक गणिताने करू. तो ध्रुवांक सूर्यसिद्धान्ताच्या वर्षमानावर बेतलेला आहे. ते वर्षमान ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटं आणि ३६-३७ सेकंदांचं. आज मोजलेलं नाक्षत्र वर्ष, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्याची एक पुरी फेरी, आहे ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं १० सेकंदांचं. फरक साडेतीन मिनिटांहून कमी. एका वर्षात तो कुणाला जाणवणारही नाही, पण दरवर्षी तो साचत जातो आणि एकोणतीस वर्षांत एक तास चाळीस मिनिटांवर जातो. आधुनिक नाक्षत्र वर्षाने आपल्या माणसाचा वर्षप्रवेश होतो रात्री नऊला चार-पाच मिनिटं कमी असताना. त्या वेळी पुण्यात कर्क लग्न होतं.

आणि तिसरं वर्षमान अजून बाकी आहे. पाश्चात्त्य ज्योतिषी सायन वर्ष धरतात, म्हणजे संपातापासून संपातापर्यंतचं. ते नाक्षत्र वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी लहान आहे. एकोणतीस वर्षांत हा फरक साडेनऊ-दहा तासांवर जातो. त्यांच्या हिशेबाने याच माणसाचं नवं वर्ष १ जानेवारीच्या सकाळी साडेअकराच्या सुमारास लागलं, आणि लग्न आलं सायन मीन.

एक माणूस, एक वाढदिवस, तीन लग्नं. वर्षकुंडलीवरच्या वादात हा मुद्दा मधे आला की लोक अयनांशावर, म्हणजे संपातावरून आणि ताऱ्यांवरून मोजलेल्या जागांमधल्या अंतरावर, भांडायला लागतात. पण या भांडणात खरं काय पणाला लागलेलं आहे ते ताजिकातल्या मुंथेवरून नीट दिसतं. मुंथा म्हणजे जन्मलग्नापासून दरवर्षी एक राशी पुढे सरकणारा बिंदू. एकोणतीस वर्षं झाली की दोन फेऱ्या पुऱ्या करून ती पाच राशी पुढे जाते. कुंभ लग्नाची मुंथा म्हणून कर्केत येते. ती वर्षलग्नापासून कितव्या स्थानी आहे यावर वर्षाचं पहिलं मत बनतं. चौथं, सहावं, सातवं, आठवं, बारावं ही तिची वाईट स्थानं, आणि पहिलं स्थान चांगलं.

आता बघा. आधुनिक वर्षमानाने वर्षलग्न कर्क, मुंथा कर्केत, म्हणजे पहिल्या स्थानी. मानसन्मान, आरोग्य, कामाला यश, असं फळ वाचलं जाईल. जुन्या ध्रुवांकाने वर्षलग्न सिंह, मुंथा तीच कर्केत, पण आता ती बाराव्या स्थानी. खर्च, वैर, कामाची नासाडी. वर्षकुंडलीतला शनी तसाच धनु राशीत आहे, पण कर्क लग्नाला तो सहावा आणि सिंह लग्नाला पाचवा. दोन ज्योतिषी, दोघेही प्रामाणिक, दोघांचंही गणित आपापल्या जागी बिनचूक, आणि एकाने सांगितलेलं वर्ष दुसऱ्याच्या वर्षाच्या अगदी उलट.

इथे मी कुठल्या बाजूची आहे हे सांगायला हवं. ध्रुवांकाची पद्धत सोडून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. व्याख्याच जर 'सूर्य जन्मस्थानी परत येतो तो क्षण' अशी असेल, तर तो क्षण आकाशात घडतो आणि तो मोजता येतो. ध्रुवांकाने काढलेल्या वेळी सूर्य जन्माच्या जागेच्या जवळजवळ सव्वाचार कला पुढे गेलेला असतो. परंपरेचा मान राखायचा तर तिच्या व्याख्येचा राखावा. सूर्याची विकला न् विकला जुळते का, हे जन्मकुंडली आणि वर्षकुंडली शेजारी ठेवून बघणं ही दुसरी परीक्षा. सूर्य एक कला चालायला चोवीस मिनिटं घेतो, आणि चोवीस मिनिटांत लग्न सहा अंशांच्या आसपास सरकतं. त्यामुळे कलेपर्यंतच सूर्य लिहिलेल्या जुन्या पत्रिकेवरून वर्षलग्न काढणाऱ्याने अंश सांगू नयेत, राशीपुरतं बोलावं, आणि लग्न राशीच्या काठावर असेल तर राशीही सांगू नये.

सायन की निरयन, म्हणजे जागा संपातावरून मोजायची की ताऱ्यांवरून, याचा निकाल मात्र असा लागत नाही. दोन्ही व्याख्या आपापल्या जागी नीट आहेत, सूर्य दोन्हीकडे अचूक परततो, फक्त 'जागा' कशाच्या संदर्भाने धरायची ते वेगळं आहे. साधारण बहात्तराव्या वर्षी दोन्ही वर्षप्रवेशांत पुरा एक दिवस पडतो. गणित इथे कुणाच्याही बाजूने साक्ष देत नाही.

राहण्याच्या जागेचा प्रश्नही असाच सुटत नाही, आणि परदेशी गेलेल्या मराठी मुलांमुळे तो आता घरोघरी येतो. आपला नमुन्याचा माणूस तिसावं लागताना लंडनला असेल तर वर्षप्रवेशाचा क्षण बदलत नाही. पुण्यात रात्रीचे नऊ वाजत आले आहेत, तेव्हा लंडनमध्ये दुपारचे सुमारे साडेतीन. पण लग्न तिथे मिथुन येतं आणि मुंथा दुसऱ्या स्थानी जाते. शिवाय वर्षेश, म्हणजे त्या वर्षाचा स्वामी ग्रह निवडताना ज्या पाच अधिकाऱ्यांचा विचार करतात, त्यात एक दिवस-रात्रीचा अधिकारी असतो. दिवसा वर्षप्रवेश असेल तर सूर्याच्या राशीचा स्वामी, रात्री असेल तर चंद्राच्या. लंडनला जानेवारीत सूर्य चारच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेतीनला अजून दिवस आहे. पुण्यात शुक्राकडे गेलेला अधिकार लंडनमध्ये गुरूकडे जातो. काहीजण जन्मगावच धरतात, काहीजण राहतं गाव. पाश्चात्त्यांत तर चांगलं लग्न मिळावं म्हणून वाढदिवसाला मुद्दाम दुसऱ्या शहरात जाणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. ज्या कुंडलीला विमानाचं तिकीट काढून बदलता येतं, तिच्यावर 'हे वर्ष तुझ्या नशिबात असं आहे' असं म्हणण्याचा अधिकार उरत नाही. मी जन्मगाव धरते आणि तसं कागदावर वर लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणी तीच कुंडली बघितली तर त्याला फरकाचं कारण कळेल.

आता शनी.

शनी वर्षाला सरासरी सव्वाबारा अंश पुढे जातो, पण सरळ चालीने जात नाही. दरवर्षी साडेचार महिन्यांच्या आसपास तो वक्री असतो आणि त्या काळात सहा-सात अंश मागे येतो. त्यामुळे आकाशाच्या साधारण निम्म्या भागावरून तो एकदाच जातो आणि निम्म्या भागावरून तीनदा: एकदा पुढे जाताना, एकदा मागे येताना, पुन्हा एकदा पुढे जाताना. कुणाचा जन्मशनी कुठल्या पट्ट्यात पडतो त्यावर त्याची शनीची परत एका दिवसाची असेल की दहा महिन्यांची, हे ठरतं.

२०१९ मध्ये शनी ३० एप्रिलच्या सुमारास वक्री झाला आणि १८ सप्टेंबरला मार्गी. निरयन धनु राशीत वीस ते साडेसव्वीस अंशांचा पट्टा त्याने त्या वर्षी तीनदा तुडवला. आपल्या माणसाचा जन्मशनी बावीस अंशांजवळ, म्हणजे त्या पट्ट्याच्या आत. पहिली भेट २०१९ च्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुसरी जुलैच्या उत्तरार्धात वक्री गतीने, तिसरी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तिन्ही भेटी १ जानेवारीला लागलेल्या एकाच वर्षकुंडलीच्या कक्षेत आल्या. सूर्याचं वर्ष आणि शनीची परत यांची अशी गाठ नेहमी पडत नाही. जन्मतारीख वर्षाच्या मध्यावर असेल तर तीनपैकी एक-दोन भेटी एका वर्षकुंडलीत आणि उरलेली पुढच्या वर्षात जाते, आणि मग 'माझं शनीचं वर्ष कोणतं' या प्रश्नाला एका वर्षाचं उत्तर देताच येत नाही.

इथपर्यंत शनीचं गणित भक्कम आहे. महिने सांगता येतात, आणि जन्मवेळ अर्ध्या तासाने चुकलेली असली तरी ते हलत नाहीत. शनी अर्ध्या तासात हलतोच किती!

पण नेमका हाच संथपणा शनीच्या परतीच्या कुंडलीला घात करतो. फेब्रुवारीत शनी दिवसाला साडेसहा कला चालत होता. म्हणजे एक कला चालायला त्याला साडेतीन तासांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात लग्न दीड-दोन राशी फिरतं. जन्मशनी पंचांगातून कलेपर्यंत घेतला आणि अर्ध्या कलेची चूक गृहीत धरली, तरी लग्न एक राशी अलीकडे की पलीकडे, हे सांगता येत नाही. विकलेपर्यंत गणित केलं तरी एका विकलेला साडेतीन-चार मिनिटं. जुलैतल्या वक्री भेटीच्या वेळी शनीची गती आणखी कमी होती, आणि कुणाचा जन्मशनी स्तंभी बिंदूजवळ असेल, म्हणजे शनी वक्री किंवा मार्गी होण्यासाठी जवळजवळ थबकतो तिथे, तर एका कलेला दिवस-दिवस लागतो. अशा वेळी परतीच्या क्षणाचं लग्न काढणं म्हणजे तासकाट्याकडे बघून सेकंद सांगणं.

सायन-निरयनाचा फरकही इथे फुगतो. साडेएकोणतीस वर्षांत अयनगती, म्हणजे संपाताचं सरकणं, सुमारे चोवीस-पंचवीस कला होते. शनीला तेवढं अंतर जायला सरळ चालीत चार दिवस लागतात. म्हणजे फेब्रुवारीतली भेट सायनवाल्यांच्या आणि निरयनवाल्यांच्या कॅलेंडरात चार दिवसांच्या अंतराने पडते. महिना तोच राहतो. लग्न मात्र त्या चार दिवसांत चार वेळा बाराही राशी फिरून आलेलं असतं.

आणि परतीच्या वेळा तीन असतील तर कुंडल्याही तीन होतात. कुठली धरायची? पहिली म्हणणारे आहेत, शेवटची म्हणणारे आहेत, तिन्ही वाचणारेही आहेत. तीन कुंडल्यांत छत्तीस स्थानं हाताशी असली की घडून गेलेली कोणतीही गोष्ट कुठे ना कुठे सापडतेच. शिवाय शनीच्या परतीची कुंडली पुढच्या परतीपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं चालते असंच मानलं जातं. एका वर्षाच्या प्रश्नाला ती कुंडली लावणं तिच्या स्वतःच्या नियमातही बसत नाही.

म्हणून मी त्या दोन पत्रकांचं काम वाटून घेते. शनीकडून फक्त तारखा घ्यायच्या, लग्न घ्यायचं नाही, स्थानं घ्यायची नाहीत. वर्षकुंडलीकडून वर्षाचा विषय घ्यायचा, आणि तोही वर्षलग्न राशीच्या काठावर नसेल तरच. आपल्या नमुन्यात वर्षकुंडलीत सूर्य आणि शनी धनु राशीत एकमेकांना चिकटून आहेत. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांची युतीच होती, म्हणजे शनी सूर्याच्या तेजात अस्तंगत. कर्क लग्नाला हे सगळं सहाव्या स्थानी: नोकरी, कर्ज, आजारपण, हाताखालची माणसं. त्यावर शनीच्या तीन भेटींच्या तारखा ठेवल्या की परंपरेच्या भाषेत वाक्य तयार होतं. नोकरीतली किंवा देण्याघेण्यातली एक गोष्ट फेब्रुवारीत डोकं वर काढेल, जुलैत ती पुन्हा उकरली जाईल आणि नोव्हेंबरात तिचा निकाल लागेल. भाकीत म्हणून हे वाक्य चांगलं आहे. त्यात विषय आहे, महिने आहेत, आणि मुख्य म्हणजे ते खोटं ठरू शकतं. फेब्रुवारी, जुलै आणि नोव्हेंबर कोरडे गेले तर ते चुकलं, असं म्हणता येतं.

याच माणसाला साडेसाती कधी लागली, तेही पाहण्यासारखं आहे. साडेसाती चंद्रराशीवरून मोजतात. चंद्र कुंभेत, म्हणून शनी मकरेत आला त्या दिवशी, २४ जानेवारी २०२० रोजी. शनीची परत आटोपून अडीच महिनेही झाले नव्हते. आता या माणसाला विचारा की तुझं कठीण वर्ष कोणतं. तो २०२० म्हणेल, आणि ते कुठल्याही राशीचा माणूस म्हणेल. टाळेबंदी मेषेलाही होती आणि तुळेलाही. साडेसाती मानणारा म्हणेल बघा, लागली की नाही. शनीची परत मानणारा म्हणेल, ती नोव्हेंबरात संपली पण तिचे पडसाद उमटत होते. दोघांनाही आपलं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटेल.

शनीच्या परतीची कीर्ती वाढण्यामागे मला हेच कारण मोठं दिसतं. ती अठ्ठावीस ते तीस या वयात येते. त्या वयात काय होत नाही? लग्न होतं किंवा मोडतं, पहिलं मूल होतं, पहिली नोकरी सुटते, वडील निवृत्त होतात, घराचा पहिला हप्ता सुरू होतो. ज्यांनी शनीचं नाव ऐकलेलं नाही त्यांच्याही बाबतीत होतं. मुंथेचंही तसंच. एकोणतीस वर्षं पूर्ण झालेल्या जगातल्या प्रत्येक माणसाची मुंथा जन्मलग्नापासून सहाव्या राशीत असते. त्यात वैयक्तिक काहीच नाही. १९८९-९० मध्ये जन्मलेला आख्खा वर्ग २०१९ च्या सुमारास एकाच शनीखालून गेला. कुणाची बढती झाली, कुणाचा काडीमोड झाला, कुणी त्या वर्षी काही विशेष केलं नाही.

जे प्रत्येकाला सारखं आहे ते बाजूला काढलं की एका माणसाचं म्हणून उरतं ते लग्न. आणि आत्ताच बघितलं की लग्न हीच या दोन्ही पत्रकांतली सर्वांत नाजूक गोष्ट. वर्षकुंडलीत ते वर्षमानावर आणि गावावर ठरतं, शनीच्या कुंडलीत ते विकलांवर लोंबकळतं. मला हे या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटतं, आणि वर्षफळ सांगणाऱ्यांकडून ते क्वचितच ऐकायला मिळतं.

परीक्षा घ्यायची म्हटलं तर महाराष्ट्रात ती घेतली गेलेली आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ज्योतिषांना आवाहन केलं होतं. एका बाजूला हुशार मुलांच्या आणि दुसऱ्या बाजूला मतिमंद मुलांच्या पत्रिका होत्या, आणि कुठली पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरं पाठवली. बरोबर निघालेल्या उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के होतं, म्हणजे नाणं उडवून जे आलं असतं त्याच्या आसपास. ती चाचणी जन्मकुंडल्यांची होती, वर्षकुंडल्यांची नव्हती. पण वर्षकुंडली वाचायला जन्मकुंडलीचाच आधार घ्यावा लागतो, त्यामुळे वर्षफळवाल्यांनी 'आमची गोष्ट वेगळी' म्हणून हात झटकू नयेत. शनीच्या तारखा आणि वर्षाचा विषय आधी लिहून ठेवून वर्ष संपल्यावर उघडायचं, आणि दुसऱ्याच कुणाच्या पत्रिकेचं वाक्यही त्या माणसाला दाखवून 'यातलं तुझं कोणतं' असं विचारायचं, इतकी साधी परीक्षा आपल्याला घरी घेता येते. ज्याला स्वतःच्या विद्येवर विश्वास आहे त्याने ती घ्यावी. मी घेते, आणि जिथे त्या माणसाला स्वतःचं वाक्य ओळखता येत नाही तिथे ते वाक्य चुकलं असंच धरते.

मग लोकांना मी काय देते? सध्या माझ्याकडे येतात ती १९९६ च्या फेब्रुवारीनंतर आणि १९९८ च्या एप्रिलच्या आधी जन्मलेली मुलं. त्यांचा जन्मशनी निरयन मीन राशीत. शनी २९ मार्च २०२५ रोजी मीनेत आला, म्हणून ही सगळी पिढी आता आपापल्या परतीतून जाते आहे. बहुतेकांच्या हातात मोबाइलवरच्या एखाद्या अ‍ॅपने काढलेली शनीच्या परतीची कुंडली असते, लग्नाच्या अंश-कलांसकट. मी त्यांना पहिल्यांदा दोन गोष्टी विचारते. अ‍ॅपमध्ये सायन धरलंय की निरयन, आणि गाव कुठलं घातलंय. निम्म्यांना माहीत नसतं. मग कुंडली बाजूला ठेवून मी फक्त तारखा काढून देते, एक असो की तीन. सोबत त्या वर्षाची वर्षकुंडली, आणि तिच्यावर वर्षलग्न किती अंशांवर आहे ते मोठ्या अक्षरात. अठ्ठावीसच्या पुढे किंवा दोनच्या आत असेल तर त्याखाली लिहिते: स्थानांवरून काहीही सांगता येत नाही.

नोकरी सोडू का, असं एका मुलीने विचारलं तेव्हा तिला मी सांगितलं, "तारखांना काय करायचं ते तू ठरव. पण त्या तारखांच्या भरवशावर राजीनामा देऊ नकोस. बँकेत सहा महिन्यांचा खर्च आहे का, ते आधी बघ."

ती म्हणाली, "मग काकू, या तारखा हव्यात कशाला?"

मी तिला म्हटलं, त्या दिवशी एकदा बसून मागच्या एकोणतीस वर्षांचं लिहून काढ. शनी तुझ्या जन्माच्या जागी परत आलाय, हे आकाशात खरोखर घडलेलं आहे, रात्री वर बघितलंस तर दिसेलही. बाकी काही घडेल असं मी तुला सांगत नाही.

दुसरी परत मला पहिलीपेक्षा जास्त आवडते. शनीच्या दोन फेऱ्यांना अठ्ठावन्न वर्षं आणि अकरा महिने लागतात, त्यामुळे एकोणसाठाव्या वाढदिवशी सूर्य नेमका जन्मस्थानी असतो आणि शनीही जन्मस्थानापासून अंश-दोन अंशांतच. तेवढ्या काळात गुरूच्याही पाच फेऱ्या होत आलेल्या असतात. साठ संवत्सरांचं चक्र गुरू-शनीच्या याच मेळातून आलं असं मानतात, आणि आपल्याकडे साठी शांत करतात ती याच वळणावर. आपल्या नमुन्याच्या माणसाची दुसरी परत २०४८ च्या डिसेंबरात पडेल, आणि या खेपेला एकदाच, कारण त्या वेळी शनीचा जन्मबिंदू वक्री पट्ट्याच्या बाहेर आहे. पुढच्याच महिन्यात, १ जानेवारी २०४९ ला, त्याला एकोणसाठ पूर्ण होतील. त्या वर्षीची वर्षकुंडली काढली तर ध्रुवांकातला फरक सव्वातीन तासांवर गेलेला असेल आणि सायन-निरयनाचा एकोणीस-वीस तासांवर.